प्रत्येकाचा सोमवार वेगळा: सूतगिरण्यांच्या संचालक मंडळांना आणि कारखाना डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व सूतगिरण्यांचे अध्यक्ष, संचालक मंडळ, कार्यकारी संचालक
आणि या गिरण्यांत वार्षिक आरोग्य तपासणी करणारे डॉक्टर

विषय: कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार बिसिनोसिस, आणि तो सापडणारच नाही अशा रीतीने होणारी तपासणी

स. न. वि. वि.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सूतगिरणीत 31 वर्षं ब्लोरूम आणि कार्डिंग सांभाळलं. सुरुवातीला फिटर होतो, शेवटची चौदा वर्षं कार्डिंग मास्तर. गिरणीचं नाव मी लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते एका गिरणीपुरतं नाही. आपल्यापैकी बरेच जण कापसाच्या धंद्यात मुरलेले आहेत. त्यामुळे कार्डिंग खातं म्हणजे काय हे सांगत बसत नाही, थेट माणसावर येतो.

आमच्याकडे एक कार्ड टेंटर होता. सगळे त्याला तात्या म्हणायचे. त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची. शुक्रवारी पहिल्या पाळीला सात वाजता यायचा तेव्हा ठणठणीत असायचा. दहा-साडेदहाला कॅन बदलता बदलता मध्येच थांबायचा आणि छातीवर हात ठेवून उभा राहायचा. कोणीतरी आतून पट्टा आवळतंय असं त्याला वाटायचं. खोकला कोरडा, बेडका नाही. दुपारी घरी जाताना जिना चढायला दम लागायचा. शनिवारी त्रास कमी व्हायचा, रविवारी जवळजवळ नसायचाच. पुढच्या शुक्रवारी परत तेच. एकदा तो मला म्हणाला, "मास्तर, मला सुट्टी बाधतीया बघा. कामावर असलो की बरा असतो."

आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. सुपरवायझरला वाटायचं, गुरुवारी बसला असेल कुठंतरी प्यायला. घरचे म्हणायचे, सुट्टीच्या दिवशी मटण खातोस, ते पचत नाही. मीही त्याला बिडी सोड म्हणून सांगत राहिलो. त्याने बिडी सोडली, तरी शुक्रवार सुटला नाही.

हे मी पहिल्यांदा ऐकलं होतं, पण वैद्यकशास्त्राला ते फार जुनं आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत याला सोमवारचा ताप म्हणायचे, कारण तिथे सगळ्यांची सुट्टी रविवारी. रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी 1950 च्या दशकात तिथल्या कामगारांना नीट प्रश्न विचारून या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी अधूनमधून छाती आवळते, मग दर आठवड्याला त्या दिवशी आवळते, मग इतर दिवशीही आवळायला लागते, आणि शेवटी फुफ्फुसाची ताकद कायमची कमी होते. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणसाला धुळीतून बाहेर काढलं तर तो बराच सावरतो. शेवटच्या पायरीवर काढला तर गेलेलं परत येत नाही.

दोष निव्वळ धाग्याचा नाही. कापसाबरोबर येणारी पत्ती, बोंडाभोवतीची वाळलेली पानं, नख्या, काडीकचरा यांच्यावर जिवाणू वाढतात. ते मेले तरी त्यांच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष धुळीत राहतं आणि श्वासनळ्यांना सूज आणतं. 1987 साली अमेरिकेत प्रयोगाच्या कार्डिंग खोलीत माणसं बसवून हे तपासलं. तेव्हा श्वास घटण्याचा मेळ धुळीच्या वजनापेक्षा तिच्यातल्या एंडोटॉक्सिनशी जास्त बसला. आपल्याकडे हंगामाच्या शेवटी फरदडीचा माल येतो, पावसात भिजून वाळलेली बोंडं येतात, त्या दिवसांत ब्लोरूमची माणसं जास्त खोकतात. हे प्रत्येक मास्तरला ठाऊक आहे. आम्ही त्याला "माल घाण आहे" म्हणायचो. घाण म्हणजे नेमकं काय ते माहीत नव्हतं. रोजच्या रोज धूळ घेतली की शरीराची उसळी मंद होते. एक-दोन दिवसांची सुट्टी पडली की ती परत जागी होते. म्हणून त्रास सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी होतो, आणि तोही आत शिरल्या शिरल्या नाही, दोन-तीन तासांनी.

आता वार्षिक तपासणीचं बोलतो. आमच्याकडे वर्षातून एकदा गाडी यायची. छातीचा एक्स-रे, रक्तदाब, वजन, नजर, आणि एका नळीत एकदा फुंकर. दिवस गाडीवाल्याच्या सोयीचा. तात्याची तपासणी एका मंगळवारी सकाळी अकराला झाली. एक्स-रे स्वच्छ. फुंकरीचा आकडा अपेक्षेच्या 91 टक्के. कागदावर शिक्का पडला: कामास योग्य.

एक्स-रे स्वच्छ येणारच होता. बिसिनोसिसमध्ये एक्स-रेवर ओळखू येईल अशी खूण उमटत नाही. सिलिकोसिसमध्ये फुफ्फुसात ठिपके दिसतात, इथे काहीच दिसत नाही. तरी आपल्या निम्म्या फाइली एक्स-रेच्या भरवशावर उभ्या आहेत. उलट, खोकला आणि दम बघून क्षयाच्या गोळ्या चालू केलेले कामगारही मी पाहिले आहेत. गोळ्या सहा महिने, आणि माणूस त्याच कार्डावर.

पुढे छातीच्या एका डॉक्टरांना मी तात्याचा शुक्रवार सांगितला. त्यांनी श्वास मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, घेऊन गेटवर यायचं ठरवलं. तो दिवस मी विसरणार नाही, म्हणून तपशिलात सांगतो.

शुक्रवार, सकाळी पावणेसात. तात्या बुधवारी दुपारी तीनला सुटला होता, म्हणजे जवळजवळ 40 तास धुळीबाहेर होता. डॉक्टरांनी त्याला खात्यात जाऊच दिलं नाही, गेटजवळच्या टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवलं. आधी 3 लिटरच्या पिचकारीने यंत्र तपासलं. तासाभरात बिडी ओढली नाही ना, हे विचारलं. नाकाला चिमटा लावला. "छाती भरून घ्या, आणि एकदम सोडा, सोडा, सोडा, थांबू नका," असं सहा सेकंद ओरडत राहिले. पहिली फुंकर फुकट गेली, तात्या हसला म्हणून. पुढच्या तीन नीट आल्या. त्यातल्या सर्वांत चांगल्या दोनमध्ये 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नाही हे त्यांनी पाहिलं, तेव्हाच आकडा लिहिला. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, जिला डॉक्टर एफईव्ही-वन म्हणतात, ती 2.84 लिटर होती.

मग तात्या कार्डावर गेला. दुपारी दोनला त्याच खुर्चीवर, त्याच यंत्रावर, त्याच डॉक्टरांसमोर परत फुंकलं. 2.58 लिटर. म्हणजे सात तासांत 260 मिलिलिटर गेले, नऊ टक्के. निरोगी माणसाचा श्वास सकाळपेक्षा दुपारी थोडा वाढतो. इथे तो घटला होता, म्हणून ही घट दिसते त्याहून मोठी धरायची. चौथ्या दिवशी, सोमवारी, परत मोजलं. सकाळी 2.71, दुपारी 2.64. फरक 70 मिलिलिटर, म्हणजे काहीच नाही असं वाटावं.

त्याच्या वयाला आणि उंचीला अपेक्षित आकडा 2.90 होता. आता बघा, 2.58 घेतला तरी तो अपेक्षेच्या 89 टक्के भरतो. 80 च्या वर सगळं नॉर्मल, या हिशेबाने तात्या शुक्रवारी दुपारी छातीवर हात धरून बसलेला असतानाही नॉर्मलच होता. जो माणूस मुळात दणकट असतो, तो पाव हिस्सा गमावूनही 80 च्या वर राहतो. त्याचा आजार कळायला दुसऱ्या कुणाच्या सरासरीशी नाही, त्याच्या स्वतःच्या सकाळच्या आकड्याशी तुलना करावी लागते. आणि वर्षागणिक बघायचं तर तो कामाला लागला त्या दिवशीच्या आकड्याशी. वयोमानाने प्रत्येकाचा हा आकडा वर्षाला साधारण 25 ते 30 मिलिलिटर उतरतोच. त्याहून जास्त उतरतोय का, हे कळायला पहिला आकडा लागतो. तात्याच्या फाइलीत तो नव्हता.

अमेरिकेने 1978 साली कापसाच्या धुळीचा नियम केला. गिरणीमालक त्याविरुद्ध तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 1981 साली नियम टिकला. त्या नियमात तपासणीची वेळ लिहून दिली आहे. किमान 35 तास धुळीबाहेर राहिल्यावर, आठवड्याच्या पहिल्या दिवशी खात्यात शिरण्याआधी एकदा, आणि पाळी सुरू झाल्यावर 4 ते 10 तासांच्या मध्ये दुसऱ्यांदा. पहिल्या दिवशी 5 टक्के किंवा 200 मिलिलिटर घट आली, तर वर्षाऐवजी सहा महिन्यांनी परत तपासायचं. गेटवरच्या डॉक्टरांनी जे केलं ते हेच.

इथे आपल्या गिरण्यांची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. आपल्या गिरण्या आठवड्याचे सातही दिवस चालतात आणि सुट्टी आळीपाळीने देतात. एकाच कार्डिंग खात्यात एकाचा सोमवार मंगळवारी येतो, दुसऱ्याचा शनिवारी. पुस्तकातून उतरवलेल्या प्रश्नावलीत विचारतात, "सोमवारी छाती जड होते का?" ज्याची सुट्टी गुरुवारी, तो खरं तेच सांगतो, "नाही." आणि डॉक्टर लिहितात, लक्षणं नाहीत. प्रश्न असा हवा: "सुट्टीनंतर कामावर आल्यावर पहिल्या दिवशी, दोन-तीन तासांनी छाती आवळते का?" आणि तो मराठीत, हिंदीत, ओडियात, ज्याच्या त्याच्या भाषेत विचारायला हवा, कारण कार्डिंगमध्ये आता कंत्राटी पोरं बाहेरच्या राज्यांतून आलेली आहेत.

डबल पाळीचंही तेच. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला बोलावलेल्या माणसाला 35 तासांची मोकळीक मिळतच नाही. त्याची तपासणी त्या आठवड्यात करून काही हाती लागणार नाही. हजेरीपत्रक टाइम ऑफिसात असतं. कोणाची सुट्टी कधी आणि ती खरंच झाली का, हे फक्त तिथे कळतं. म्हणून तपासणीचं वेळापत्रक डॉक्टरांनी एकट्याने करायचं काम नाही, टाइम कीपरला सोबत घेऊनच ते जमेल. दिवसाला चार-पाच माणसं घेतली, तरी दोन महिन्यांत ब्लोरूम, कार्डिंग आणि ड्रॉफ्रेम आरामात होतात.

डॉक्टरांसाठी एक सावधगिरी. पहिल्या दिवसाची घट म्हणजे लगेच बिसिनोसिस नव्हे. दमेकऱ्यालाही धुळीत घट येते, सर्दी-पडसं असेल तरी येते. म्हणून पुढच्या सुट्टीनंतर परत मोजावं. आणि उलटही असतं: ज्याचा आजार शेवटच्या पायरीवर गेला आहे, त्याला सगळेच दिवस सारखे झालेले असतात. त्याचा सकाळचाच आकडा इतका खाली असतो की घट दिसत नाही. शांघायमध्ये 1981 पासून कापूस गिरणीतल्या आणि रेशीम गिरणीतल्या कामगारांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. पाळीत होणारी घट आणि पुढे वर्षांनी होणारं कायमचं नुकसान यांचा संबंध त्यातून दिसला. काम सोडल्यावर काही प्रमाणात सुधारणा होते हेही दिसलं.

धुळीबद्दल बोलायचं तर आधी ती मोजायची कशी, इथूनच आपली चूक सुरू होते. डोळ्यांना दिसतो तो तंतू, भिंतीवर आणि भुवयांवर बसणारा. तो नाकात अडकतो. फुफ्फुसात जाते ती न दिसणारी बारीक धूळ. तिच्यासाठी व्हर्टिकल एल्युट्रिएटर नावाचं उभ्या नळकांड्याचं यंत्र असतं. मिनिटाला 7.4 लिटर हवा ते खालून वर इतकी हळू ओढतं, की तंतू आणि जड कण खालीच राहतात आणि साधारण 15 मायक्रॉनच्या आतली धूळ तेवढी वरच्या फिल्टरवर पोहोचते. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कच्च्या कापसाच्या धुळीला घनमीटरला 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती याच यंत्राने मोजलेल्या धुळीची. सहा तास यंत्र चालवलं तर 2.66 घनमीटर हवा जाते. म्हणजे फिल्टरचं वजन 0.53 मिलिग्रॅमहून जास्त वाढलं की मर्यादा ओलांडली. मिठाच्या आठ-दहा दाण्यांएवढं वजन. हे सूताचा काउंट काढायच्या काट्यावर मोजता येणार नाही, प्रयोगशाळेतच पाठवावं लागेल. आणि पर्यावरणाच्या फाइलीसाठी गिरणीच्या आवारात मोजलेल्या हवेचा अहवाल इथे कामाचा नाही. यंत्र कार्डाच्या गल्लीत, माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवं.

पण रोजच्या रोज ते यंत्र लावता येत नाही. रोजची खूण मास्तरला फिल्टरच्या मॅनोमीटरवर मिळते, आणि ती वाचायला मी फार उशिरा शिकलो. कार्डाच्या लिकर-इनपासून, फ्लॅट्सपासून, डॉफरपासून ओढलेली हवा डक्टमधून रोटरी ड्रम फिल्टरवर जाते आणि गाळून परत खात्यातच सोडली जाते, कारण बाहेर सोडली तर ओलावा आणि वीज दोन्ही वाया जातात. फिल्टर तुंबला की मॅनोमीटरचा आकडा चढतो, ओढ कमी होते, आणि धूळ कार्डाच्या फटींतून बाहेर येते. हे सगळ्यांना कळतं. पण फिल्टरचं कापड फाटलं की आकडा उतरतो. आकडा उतरला की आम्ही खूश व्हायचो, आज ओढ चांगली आहे म्हणून. खरं म्हणजे तेव्हा गाळलेली बारीक धूळ थेट माणसांच्या डोक्यावर परत फेकली जात असायची. सफाई न करता आकडा एकदम उतरला तर ड्रम थांबवून कापड बघा. आमच्या ड्रमला एकदा हातभर फाट सापडली. ती कधीपासून होती ते लॉगबुक मागे चाळल्यावर कळलं: नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत तात्याच्या खोकल्याबद्दल मी हवामानाला दोष देत होतो.

दुसरी गोष्ट हवा मारण्याची. पाळी सुटताना कॉम्प्रेसरची नळी घेऊन कार्ड, जमीन, आणि शेवटी एकमेकांच्या अंगावर हवा मारली जाते. पाच मिनिटांत खातं लख्ख दिसतं. जी धूळ सक्शनने आठ तास ओढून धरली, ती त्या पाच मिनिटांत परत उडते, आणि त्याच वेळी पुढच्या पाळीची माणसं आत येत असतात. अमेरिकन नियमात जिथे दुसरा मार्ग आहे तिथे हवा मारायला बंदी आहे. मारावीच लागली तर मारणाऱ्याला योग्य मास्क, आणि ज्याचं काम नाही त्याने बाहेर थांबायचं. जमीन आणि कपडे हवेने साफ करायलाही मनाई आहे. व्हॅक्यूमची लाइन टाकायला खर्च आहे, मान्य. पण पाळी बदलताना दहा मिनिटं हवा बंद ठेवायला काहीच खर्च नाही. ते मी माझ्या शेवटच्या दोन वर्षांत करून पाहिलं आहे. आणि एक सांगतो, तोंडाला बांधलेला रुमाल किंवा टॉवेल तंतू अडवतो, बारीक धूळ नाही. रुमाल बांधलेला माणूस बघून आपण समाधान मानू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. बिसिनोसिस जुन्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगा आजार म्हणून होता, नव्या श्रम संहितेतही आहे. तो आढळला तर डॉक्टरने सरकारला कळवायचं असतं. कामगार राज्य विम्याच्या तरतुदींत तो व्यवसायजन्य आजार आहे, म्हणजे कामगाराला त्याची भरपाई मागता येते. डॉक्टरसाहेब, तुम्ही "धुळीची ॲलर्जी" किंवा "जुनाट ब्राँकायटिस" लिहिलंत, की त्या माणसाचा दावा तिथेच संपतो.

आणि संचालक मंडळाला सांगायचं ते असं. कामगार खरं का बोलत नाही, याचं कारण तुमच्याकडे आहे. दम लागतो म्हटलं की कंत्राटदार दुसऱ्या महिन्यात नाव काढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पोरं फुंकताना जोर लावतात आणि प्रश्नाला "काही नाही" म्हणतात. जे आजारी पडले ते आधीच गावी गेलेले असतात, खात्यात उरतात ते दणकट. मग सर्व्हे सांगतो, इथे आजार नाही. ज्याला घट आली त्याला कोन वाइंडिंगच्या पुढे, पॅकिंगला किंवा गोडाऊनला, त्याच पगारावर बदली मिळेल असा ठराव तपासणीच्या आधी करा आणि तो नोटीस बोर्डावर लावा. तो लागल्याशिवाय केलेल्या तपासणीतून खरे आकडे मिळणार नाहीत.

तात्याची बदली पॅकिंगला झाली, पण फार उशिरा आणि कार्डिंगचा भत्ता कापून. वर्षभराने डॉक्टरांनी परत मोजलं तेव्हा शुक्रवारची घट गेली होती. सकाळचा आकडा मात्र 2.79 च्या वर आला नाही.

येत्या हंगामाचा नवा माल ब्लोरूमला लागण्याआधी आपल्या गिरणीत कार्डिंगच्या गल्लीत एकदा एल्युट्रिएटर लावा, आणि प्रत्येकाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दोन वेळा फुंकर घ्या. वेळापत्रक कसं बसवायचं, फिल्टरचं लॉगबुक कसं वाचायचं, हे दाखवायला मी कुठल्याही गिरणीत स्वतःच्या खर्चाने यायला तयार आहे. पहिल्या पाळीच्या आधी, साडेसहाला गेटवर येईन.

आपला,
एक निवृत्त कार्डिंग मास्तर